चार्जबॅकचं उत्तर: राग बाजूला, कागद पुढे

परदेशात माल पाठवणाऱ्या छोट्या दुकानदाराला एखाद्या सकाळी पेमेंट गेटवेकडून ईमेल येतो. अमुक व्यवहारावर ग्राहकाने त्याच्या बँकेकडे हरकत घेतली आहे, ती रक्कम तूर्त तुमच्या खात्यातून वळती केली आहे, शिवाय प्रक्रियेचं शुल्कही लागलं आहे, आणि तुम्हाला काही म्हणायचं असेल तर अमुक तारखेपर्यंत पुराव्यासह कळवा. माल गेलेला असतो, पैसेही गेलेले असतात. मग दुकानदार त्याच रात्री बसून उत्तर लिहितो. ते पत्र बहुतेक वेळा रागाचं असतं, आणि हाताशी असलेला चांगला पुरावा त्या रागाखाली दबून जातो.

अशी पत्रं दुरुस्त करून देण्याचं काम मी करते. इथे एक पत्र उलगडून दाखवायचं आहे. ते दोन-तीन प्रकरणांचे तपशील एकत्र करून आणि ओळख पटणार नाही इतके बदलून घेतलं आहे. दुकान कोल्हापुरातलं, माल कोल्हापुरी चपला, ग्राहक लंडनजवळ राहणारी एक बाई. 3 मार्चला तिने दुकानाच्या संकेतस्थळावरून दोन जोड मागवले, कार्डाने 8,450 रुपये भरले. 24 एप्रिलला तिच्या बँकेने चार्जबॅक केला. कारण दिलं होतं, वस्तू मिळालीच नाही.

दुकानदारांचं पत्र साडेतीन पानांचं होतं. सुरुवात अशी: ‘आमच्या तीन पिढ्या या धंद्यात आहेत. आजवर एकाही ग्राहकाने आमच्याकडे बोट दाखवलेलं नाही. ही बाई सराईत फसवणूक करणारी आहे. चपला वापरून झाल्यावर तिला पैसे परत हवे आहेत. कारागिराच्या घामाची तिला किंमत नाही.’ पुढे चामडं कसं कमावतात, हाताने शिवलेल्या जोडाला किती दिवस लागतात, कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन कसं मिळालं, हे सगळं होतं. सोबत सतरा चित्रं जोडलेली होती, मोबाइलने दिलेल्या आकड्यांच्या नावांनीच. आणि तिसऱ्या पानाच्या मध्यावर, एका लांब वाक्याच्या पोटात, असं लिहिलं होतं की बाईंनी ‘एक जोड अंगठ्यात घट्ट होतोय’ असा ईमेल केला होता.

सगळं प्रकरण त्या एका ईमेलवर उभं होतं. जिला चपला मिळाल्याच नाहीत, तिला त्या अंगठ्यात घट्ट कशा होतील? पण हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात येण्यासाठी त्याला आधी तिसऱ्या पानापर्यंत पोचायला हवं होतं.

हे पत्र शेवटी वाचतं कोण, ते आधी पाहू. दुकानदार पत्र गेटवेकडे देतो. गेटवे ते दुकानाच्या बाजूच्या बँकेकडे पाठवतो, तिथून ते व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या यंत्रणेतून ग्राहकाच्या बँकेत जातं. तिथे अशीच प्रकरणं दिवसभर हाताळणारा एक कर्मचारी ते उघडतो. ग्राहक बाई त्याच्या बँकेची खातेदार आहे, दुकानदाराला तो ओळखत नाही. कोल्हापूर कुठे आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. त्याला एवढंच ठरवायचं असतं की खातेदाराने जे कारण सांगितलं, त्याला दुकानाने खोडून काढणारा कागद दिला आहे की नाही. तुमची बाई खोटारडी आहे, हे वाक्य वाचून त्याने काय करावं? खातेदाराच्या चारित्र्याचा निवाडा करणं त्याचं काम नाही. वर तसा आरोप पुराव्याशिवाय लेखी करणं दुकानाच्याच अंगाशी येऊ शकतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे तक्रारीचा संकेत नीट वाचणं. प्रत्येक चार्जबॅकसोबत एक क्रमांक येतो. व्हिसाच्या पद्धतीत 13.1 म्हणजे वस्तू किंवा सेवा मिळाली नाही, 13.3 म्हणजे सांगितल्यासारखी नव्हती किंवा सदोष होती, 10.4 म्हणजे ऑनलाइन व्यवहार कार्डधारकाने केलाच नव्हता. उत्तर या क्रमांकाचं द्यायचं असतं. आमच्या दुकानदारांनी सतरा जोडपत्रांमध्ये सर्वांत वर ठेवली होती ती व्यवहाराच्या वेळी ग्राहकाची ओळख पडताळली गेल्याची नोंद. 10.4 च्या तक्रारीला तो कागद मोलाचा ठरला असता. पण ‘व्यवहार मी केला नाही’ असं ही बाई म्हणतच नव्हती. पैसे दिले, माल आला नाही, असं तिचं म्हणणं होतं. त्यावर ‘पैसे तूच दिलेस’ हे उत्तर होत नाही. चामड्याची माहिती आणि मानांकनाचं प्रमाणपत्र हेही असेच गैरलागू. ते चुकीचे नाहीत, फक्त या प्रश्नाशी त्यांचा संबंध नाही, आणि वाचणाऱ्याला ते ओलांडून जावं लागतं.

13.1 ला हवं असतं ते एवढंच: ठरलेल्या जागी, ठरलेल्या मुदतीत, वस्तू कार्डधारकाच्या किंवा त्याच्या वतीने घेणाऱ्याच्या हाती पडली, हे दाखवणारा कागद. सतरा चित्रांतून आम्ही या कसोटीवर एकेक तपासत गेलो. पाच राहिली.

राहिलेल्या पाचांतही एक अडचण होती. कुरियरच्या नोंदीत 14 मार्चला सकाळी 11.42 ला पार्सल दिल्याचं होतं, पण बाईंच्या घरी कोणी नसल्याने ते शेजारच्या 27 क्रमांकाच्या घरात दिलेलं होतं. सही शेजाऱ्याची. इंग्लंडमध्ये पार्सल शेजाऱ्याकडे देऊन जाणं नेहमीचं आहे, तरी पुरावा म्हणून ही बाजू लंगडी. दुकानदारांनी ती लपवली होती. ‘पार्सल पोचलं’ एवढंच लिहून त्यांनी नोंदीचं चित्र असं कापलं होतं की शेजाऱ्याचा उल्लेख दिसू नये. हे मी आधी बदलायला लावलं. ट्रॅकिंग क्रमांक पत्रात होताच. तो टाकला की कुरियरच्या संकेतस्थळावर पूर्ण नोंद दिसते, आणि कापलेलं चित्र एकदा उघडं पडलं की उरलेल्या कागदांवरचाही विश्वास जातो. शिवाय लपवण्याची गरजच नव्हती. शेजाऱ्याकडे दिल्याने जी फट राहते, ती दोन दिवसांनी आलेला बाईंचा ईमेल भरून काढतो. पार्सल शेजाऱ्याकडे गेलं आणि तिथून तिच्याकडे आलं, कारण चपला पायात घालून पाहिल्यावरच ती लिहिते आहे. कमकुवत कागद आणि त्याला टेकू देणारा कागद असे लागोपाठ ठेवले की वाचणाऱ्याच्या शंकेला तिथल्या तिथे उत्तर मिळतं.

मग तारखा तपासल्या, आणि दोन ठिकाणी घोळ निघाला. पत्रात लिहिलं होतं की माल 4 मार्चला पाठवला. कुरियरची नोंद सांगत होती की पार्सल 6 मार्चला उचललं. दुकानदारांनी 4 तारखेला पत्त्याची चिठ्ठी छापली होती आणि तीच पाठवल्याची तारीख धरली होती. दुसरा घोळ त्या महत्त्वाच्या ईमेलचाच. पत्रात त्याची तारीख 17 मार्च दिली होती, कारण दुकानाच्या संगणकावर तो 17 मार्चला पहाटे 5.20 ला आलेला दिसत होता. बाईंनी तो पाठवला तेव्हा इंग्लंडमध्ये 16 मार्चच्या रात्रीचे 11.50 झाले होते. मार्चच्या मध्यात आपली वेळ त्यांच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे असते. (मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे जातात आणि फरक साडेचार तासांवर येतो, म्हणून हा हिशेब तारखेगणिक करावा लागतो.) बँकेतला माणूस बाईंकडून त्याच ईमेलची प्रत मागवेल तेव्हा तिच्यावर 16 तारीख असेल. एका दिवसाच्या फरकाने पुरावा बाद होत नाही, पण हा तोच ईमेल आहे का, अशी शंका उगाच उभी राहते. आम्ही सगळ्या वेळा ग्राहकाच्या ठिकाणच्या घड्याळाने दिल्या आणि तसं पत्रात नोंदवलं. महिना आकड्यात न लिहिता अक्षरांत लिहिला, कारण 3/4 म्हणजे काही देशांत 3 एप्रिल आणि काही देशांत 4 मार्च.

ईमेलचं चित्रही नव्याने घ्यावं लागलं. जुन्या चित्रात फक्त मजकूर होता. पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख आणि विषय वरून कापले गेले होते. असं चित्र कोणीही बनवू शकतो. नव्या चित्रात पाठवणाऱ्याचा पूर्ण ईमेल पत्ता आहे, आणि तो ऑर्डरच्या पावतीवरच्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर जुळतो. ही जुळणी पुरावा 1 आणि पुरावा 3 मध्ये जाड चौकट काढून दाखवली. पिवळी रेघ मुद्दाम टाळली, कारण हे कागद पुढे कुठे काळ्या-पांढऱ्यात छापले गेले तर रंग नाहीसा होतो आणि चौकट टिकते. बाईंनी ईमेल रोमन लिपीतल्या मराठीत लिहिला होता. त्यामुळे मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवून त्याखाली इंग्रजी भाषांतर दिलं. भाषांतर शब्दाला धरून केलं, कारण ‘जरा घट्ट आहे’ याचं ‘अजिबात बसत नाही’ केलं असतं तर तीही चूकच होती.

पत्र इंग्रजीत गेलं. त्याचा गाभा मराठीत सांगायचा तर असा:

‘विषय: 3 मार्चचा व्यवहार, रक्कम 8,450 रुपये, कारण संकेत 13.1.

या ऑर्डरमधील दोन जोड चपला 14 मार्च रोजी कार्डधारकाने दिलेल्या पत्त्यावर नेण्यात आल्या. घरी कोणी नसल्याने पार्सल शेजारच्या घर क्रमांक 27 मध्ये देण्यात आले (पुरावा 2). 16 मार्च रोजी कार्डधारकाने ऑर्डरवर नोंदवलेल्या ईमेल पत्त्यावरून आम्हाला कळवले की दोन्ही जोड मिळाले असून त्यांपैकी एक अंगठ्यात घट्ट होतो (पुरावा 3). दोन्ही जोड कार्डधारकाला मिळाल्याचे या ईमेलवरून दिसते. मापाच्या तक्रारीवर आम्ही जोड बदलून देण्याची तयारी 17 मार्च रोजी कळवली. परत पाठवण्याचा खर्च कार्डधारकाला मान्य नव्हता आणि जोड परत आलेला नाही (पुरावा 4). विवादित रक्कम दुकानाच्या खात्यात पुन्हा जमा करावी, ही विनंती.’

साडेतीन पानांचं पत्र अर्ध्या पानावर आलं. यात ‘फसवणूक’ नाही, ‘खोटं’ नाही, आणि ‘उघड आहे की’ किंवा ‘निःसंशय’ असंही काही नाही. ‘दिसते’ हे क्रियापद आहे आणि त्याच्या आधी ईमेलची तारीख आहे. ‘तिने खोटी तक्रार केली’ या वाक्याच्या जागी ‘16 मार्चच्या ईमेलमध्ये असे म्हटले आहे’ हे वाक्य आलं, आणि वाचणारा जो निष्कर्ष काढेल तो तोच. फरक एवढाच की पहिल्या वाक्यावर दुकानदाराच्या शब्दाखातर विश्वास ठेवावा लागतो आणि दुसरं कागद उघडून पडताळता येतं. पत्रात माझ्या मते एकच कसोटी लावावी: ज्या वाक्यापुढे पुराव्याचा क्रमांक लिहिता येत नाही, ते वाक्य काढून टाकावं. तीन पिढ्यांचं वाक्य तसंच गेलं. दुकानदारांना ते काढताना वाईट वाटलं, आणि ते मला समजू शकतं. आपल्या धंद्याची अब्रू पणाला लागली आहे असं त्यांना वाटत होतं. पण ही अब्रू सांगण्याची जागा नव्हती.

चौथा परिच्छेद लिहायचा की नाही, यावर आमची बरीच चर्चा झाली. मापाची तक्रार आणि परतीच्या खर्चावरून झालेला वाद आपणच का सांगायचा? तक्रार तर ‘मिळाली नाही’ एवढीच आहे. माझं म्हणणं होतं की ज्या ईमेलवर आपण विसंबतो आहोत, त्यातच घट्ट जोडाचा उल्लेख आहे. तो वाचला की पुढचा प्रश्न येणारच, मग दुकानाने त्याचं काय केलं? त्याचं उत्तर दिलं नाही तर ग्राहक बँकेला दुसरी बाजू सांगेल आणि आपण गप्प होतो असं दिसेल. म्हणून एक ओळ तिथे ठेवली आणि पाचवा पुरावा म्हणून ऑर्डरच्या दिवशी संकेतस्थळावर असलेली परतीची अट जोडली, ग्राहकाने तिला मान्यता दिल्याच्या नोंदीसह. आज संकेतस्थळावर जी अट आहे ती चालत नाही. ऑर्डरच्या वेळी जी दिसत होती तीच लागते, आणि अनेक दुकानांकडे जुनी प्रत नसते.

पाचही कागद एकाच पीडीएफमध्ये, पत्रानंतर, क्रमाने लावले. प्रत्येकाच्या माथ्यावर क्रमांक आणि एका ओळीत तो काय दाखवतो ते लिहिलं. ‘पुरावा 2: कुरियरची पोचनोंद, 14 मार्च’ असं. दुवे दिले नाहीत. बँकेतला माणूस बाहेरच्या दुव्यावर जाईल असं धरून चालू नये, म्हणून जे दाखवायचं ते पानावरच छापलेलं हवं. कार्डाचा पूर्ण क्रमांक कुठेही येऊ दिला नाही, शेवटचे चार आकडे पुरतात. एका चित्राच्या कडेला दुसऱ्या ग्राहकाचं नाव आणि फोन दिसत होता, तो झाकला.

उत्तर पाठवण्याआधी एक गोष्ट दुकानदारांना बजावून सांगावी लागली. वैतागून ते म्हणत होते, बाईंना पैसे परतच करून टाकतो, मिटवा. चार्जबॅक चालू असताना वेगळा परतावा केला तर तीच रक्कम दोनदा जाऊ शकते. एकदा बँकेने आधीच काढलेली आहे आणि दुसऱ्यांदा आपण दिलेली. तक्रार मान्य असेल तर गेटवेच्या पडद्यावर ती मान्य करायची आणि तिथेच थांबायचं. आणि परतावा चार्जबॅकच्या आधीच झालेला असेल तर त्याची तारीख आणि बँकेचा संदर्भ क्रमांक हाच पहिला पुरावा, बाकी काही लिहायची फारशी गरज नाही.

नीट लावलेलं पत्र काय करू शकत नाही, तेही सांगितलं पाहिजे. तो ईमेल आलाच नसता तर आमच्या हातात शेजाऱ्याची सही तेवढी होती, आणि त्यावर मी दुकानदारांना फार आशा दाखवली नसती. क्रम आणि भाषा सुधारल्याने नसलेला पुरावा तयार होत नाही. ग्राहकाच्या बँकेला उत्तर पटलं नाही तर प्रकरण पुढच्या पायरीवर जातं, आणि शेवटी कार्ड कंपनीच्या लवादापर्यंत जाऊ शकतं. तिथे हरणाऱ्याला भरावं लागणारं शुल्क साडेआठ हजारांच्या जोडांपेक्षा कितीतरी मोठं असतं. एवढ्या रकमेसाठी तिथवर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बहुतेक गेटवे पुरावा एकदाच स्वीकारतात आणि नंतर भर घालता येत नाही. त्यामुळे घाईने पाठवलेलं रागाचं पत्र मागे घेता येत नाही, आणि मुदत उलटून पाठवलेलं कितीही चांगलं असलं तरी उपयोगाचं नसतं.

परदेशी माल पाठवणाऱ्यांना म्हणून एक विनंती. पार्सल बांधता त्याच दिवशी त्या ऑर्डरचं एक फोल्डर करा. त्यात पावती, त्या दिवशीच्या अटींचं चित्र, कुरियरने उचलल्याची नोंद, पोचल्यावर पोचनोंद, आणि ग्राहकाशी झालेला प्रत्येक ईमेल पूर्ण पत्त्यासह ठेवत जा. महागडा माल असेल तर कुरियरला थोडे जास्त पैसे देऊन सही ग्राहकाचीच घ्यायला सांगा. आणि गेटवेचा तो ईमेल आलाच, तर आधी शेवटची तारीख बघा, मग कारण संकेत बघा, आणि पत्र दुसऱ्या दिवशी लिहायला घ्या.